घडीवरची बारीक अक्षरं

भिंगकाकांचं खरं नाव छापखान्याच्या हजेरीपटाबाहेर कधी कोणी वापरलं नाही. अडतीस वर्षं त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं एक गोल भिंग असायचं. त्यावरून आधी 'भिंग' आणि मग वय वाढलं तसं 'भिंगकाका' हे नाव त्यांना चिकटलं. त्या छापखान्यात पुस्तकं छापली जात नसत, वर्तमानपत्रंही नाहीत. तिथं छापली जायची पाकिटं, लेबलं आणि खोकी. बिस्किटांची, सुपांची, जॅमची, बाळांच्या दुधाच्या पावडरीची. जगात जे कोणी वाचत नाही ते वाचणं हे काकांचं काम. पाकिटाच्या पाठीवरचा तो चौकटीतला तक्ता, त्यातले आकडे, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतली घटकांची यादी. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर लाखभर पाकिटं रद्दीत जायची, म्हणून काका डोळ्यात तेल घालून बसायचे.

हे काम एकट्याचं नव्हतं. मंजूर झालेली मूळ प्रत एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्या प्रुफावर बोट ठेवून ती ताडून बघायची, असा तिथला नियमच होता. वाचणाऱ्याची खुर्ची खिडकीकडे, तपासणाऱ्याची दिव्याखाली. एके दिवशी त्या खिडकीकडच्या खुर्चीत ठसठशीत आवाजाची एक मुलगी येऊन बसली आणि पहिल्याच तासाला तिनं नोकरीत चार वर्षं मुरलेल्या काकांना शिकवायला सुरुवात केली.

"मी एकक आधी सांगणार, आकडा मागून," ती म्हणाली. "आकडा ऐकला की माणसाचा कान सैल पडतो. मग मागून ग्रॅम म्हटलं काय आणि मिलिग्रॅम म्हटलं काय, कोण ऐकतंय?"

"आजवर कोणी असं वाचलं नाही."

"म्हणूनच मागच्या महिन्यात दुधाचं अख्खं छापकाम फुकट गेलं, असं ऐकलं मी."

काकांना राग आला, पण बाई खरं बोलत होती. त्या दिवसापासून ती वाचायची, "मिलिग्रॅम, चारशे ऐंशी. ग्रॅम, शून्य टिंब नऊ." टिंब म्हणताना ती टेबलावर बोटाचं पेर आपटायची. काका ओळ जुळली की म्हणायचे, "पास." दोन वर्षांनी त्यांनी तिच्याशीच लग्न केलं. लग्नातसुद्धा ती वाचत होती आणि हा नुसता पास म्हणत होता, अशी छापखान्यातल्या लोकांनी पुढं कैक वर्षं थट्टा केली. ती फार खोटी नव्हती.

काकांचा स्वतःचाही एक नियम होता आणि नव्या माणसांना तो ते दम देऊन शिकवायचे. अर्थानं वाचायचं नाही. नवखा माणूस 'साख' एवढं बघतो आणि 'साखर' म्हणून मोकळा होतो. यादीत मीठ असणारच, तेल असणारच, म्हणून ती आहेतच असं त्याचं डोकं त्याला सांगतं आणि डोळा त्याचं ऐकतो. म्हणून यादी शेवटाकडून उलटी वाचायची, एकेक शब्द सुटा करून. "तिथं काय असावं ते तुला विचारलेलं नाही," काका ओरडायचे. "तिथं काय आहे ते सांग. दिसत नसेल तर दिसत नाही म्हण. त्यात लाज कसली?"

अशा माणसाचे डोळे जावेत, याला काय म्हणावं कोण जाणे. निवृत्तीला तीन वर्षं होतात न होतात तोच त्यांच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग आला आणि वाढत गेला. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी धूर. जिकडे बघायला जावं तिकडे तो डाग आधी जाऊन बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं की चष्म्याचा उपयोग नाही आणि भिंगाचाही नाही. मग ते भिंग स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकलं. काकूंचं तर त्याहून वाईट. साखरेच्या आजारानं आधी त्यांचे डोळे अधू केले आणि मग मूत्रपिंडं निकामी केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, असं आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला जावं लागे. तिथलं मशीन चार तास त्यांचं रक्त धुऊन काढायचं आणि त्या घरी येऊन पिळलेल्या फडक्यासारख्या पडून राहायच्या.

डायलिसिसच्या केंद्रात आहार सांगणाऱ्या एक ताई होत्या. तरुण, पण बोलायला कडक. त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं तीनतीनदा सांगितलं होतं. पाणी मोजून. मीठ नावापुरतं. सोडियम दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या आत. आणि सगळ्यात मोठा शत्रू पोटॅशियम, कारण ते रक्तात साठलं तर थेट हृदयच थांबवतं.

"आणि काका, एक खास लक्षात ठेवा," ताई म्हणाल्या होत्या. "पाकिटावर पुढं मोठ्या अक्षरात 'कमी सोडियम' लिहिलेलं दिसलं की हुरळून जाऊ नका. मीठ कमी केलं की चव जाते, म्हणून पुष्कळदा त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घालतात. निरोगी माणसाला ते चालतं, काकूंना नाही. तक्त्यात पोटॅशियमचा आकडा दिलेला असेलच असं नाही. खालची घटकांची यादी वाचा. तिथं ते नाव असलं की पाकीट परत ठेवायचं."

"वाचायचं," काका हसून म्हणाले. ताईंनाही मग कळलं आणि त्या ओशाळल्या.

हा पेच लेकीनं सोडवला. ती दूरच्या शहरात राहायची, वर्षातून दोनदा यायची. या खेपेला आली ती बापासाठी नवा फोन घेऊन. त्यात एक सोय होती. फोटो काढायचा आणि तोंडानं विचारायचं, की फोनमधून माणसासारखा आवाज उत्तर द्यायचा. पत्र वाचून दाखवायचा, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवायचा, पाकीटसुद्धा.

"पण बाबा, हे चुकतं हं," लेकीनं बजावलं. "मोठी अक्षरं छान वाचतं, बारकी असली की गडबडतं. अख्खं पाकीट एका फोटोत घेऊ नका. फोटो आत जाताना लहान होतो, मग बारीक अक्षरांचा नुसता गाळ उरतो. जवळून घ्या, तुकड्या-तुकड्यानं. आणि त्याला वाचता आलं नाही तर ते दर वेळी तसं सांगेलच असं नाही. अंदाजानं काहीतरी बोलून टाकतं, आणि आवाज मात्र तोच, ठाम."

"अर्थानं वाचतंय म्हण की," काका म्हणाले.

"तसंच समजा."

लेक परत गेली. काकांनी ठरवलं की या नव्या वाचणाऱ्याची आधी रीतसर परीक्षा घ्यायची. परीक्षा न घेता त्यांनी आजवर कोणाला खिडकीकडच्या खुर्चीत बसू दिलं नव्हतं. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी जपून ठेवलेली जुनी प्रुफं होती, बत्तीस. दोघांनी मिळून तपासलेली, त्यांच्या कारकिर्दीतली अवघड कामं. एकेक लेबल काकूंना तोंडपाठ होतं. नवं काही वाचता येत नव्हतं, पण जुनं पुसलं गेलं नव्हतं. मंगळवारी दुपारी खिडकीतल्या उजेडात टेबल ओढून दोघं बसले. काकांनी प्रूफ सपाट पसरायचं, कडा बोटांनी चाचपून त्यावर फोन धरायचा, नवा वाचणारा बोलायचा आणि काकूंनी डोळे मिटून ऐकायचं.

एकक आधी आणि आकडा मागून सांगायचं, हे काकांनी त्याला आधीच बजावलं. त्यानं निमूटपणे ऐकलं. "किलोकॅलरी, चारशे बावन्न. ग्रॅम, सहा टिंब आठ." काकूंच्या अंगावर काटाच आला.

"माझी नोकरी गेली म्हणायची," त्या म्हणाल्या.

नवव्या प्रुफावर त्या ताडकन सरळ बसल्या. "चूक! मीठ, ग्रॅम, शून्य टिंब नऊ. हा नऊ म्हणतोय. शंभर ग्रॅम बिस्किटात नऊ ग्रॅम मीठ म्हणजे बिस्कीट काय समुद्रात बुडवलंय?"

काकांनी जवळून दुसरा फोटो काढला. या वेळी टिंब सापडलं. पुढं रसाच्या डब्यावर त्यानं शंभर मिलिलिटरच्या रकान्यातला आकडा उचलून एका पेल्याचा म्हणून सांगितला. तेही काकूंनी पकडलं. चूक दाखवली की तो आवाज लगेच माफी मागायचा, तुमचं बरोबर आहे म्हणायचा. काकांनी मग खोडी काढायची म्हणून एक बरोबर वाचलेला आकडासुद्धा चूक आहे म्हणून सांगितलं. त्यानं त्याचीही माफी मागितली आणि नवा आकडा देऊन टाकला.

"अगदी नवऱ्यासारखा आहे," काकू म्हणाल्या, आणि दोघंही इतके हसले की काकूंना खोकला आला. हसण्याच्या नादात ती गोष्ट मनाला लावून घ्यायची राहून गेली.

बत्तीसपैकी तीस एका दमात बरोबर, दोन दुसऱ्या फोटोत. छापखान्यातल्या कुठल्याही उमेदवारापेक्षा चांगला निकाल. काकांनी पेटीच्या तळातून 'तपासले – पास' असा जुना रबरी शिक्का काढला, वाळलेल्या शाईच्या डबीत दोन थेंब पाणी टाकलं आणि फोनच्या पांढऱ्या कव्हरवर पाठीमागं ठप्पकन उमटवला. शिक्का जरा तिरका बसला. त्या दोघांच्या शेवटच्या वर्षातली ती सगळ्यात चांगली दुपार होती, असं म्हणायला हरकत नाही.

परीक्षेत चूक होती आणि ती अशी होती की छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्याच हातून व्हावी. काकांनी त्याला प्रुफं दिली होती. जाड, बिनचकाकीच्या कागदावर, सपाट, सुरकुती नसलेली. छापखान्यात लेबल त्याच रूपात असतं. पुढं ते चकचकीत प्लास्टिकवर छापलं जातं, त्याच्या घड्या पडतात, कडा चिकटवल्या जातात, आत पावडर भरली की ते फुगतं, दुकानात दहा हात लागून चुरगळतं. ते सगळं भिंगकाकांच्या टेबलापलीकडचं जग होतं. पाकीट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं प्रूफच यायचं.

तरी पहिले दोन महिने चांगले गेले. नव्या वाचणाऱ्यानं पावाचं सोडियम सांगितलं, चीजचं सांगितलं, बिस्किटांचे तीन प्रकार बाद केले. काका रोजचा हिशेब तोंडी ठेवायचे आणि संध्याकाळी काकूंना सांगायचे, "आज मिलिग्रॅम, सतराशे." काकू म्हणायच्या, "पास." आता त्या दोघांच्या जागा बदलल्या होत्या, एवढंच.

मग थंडी पडली आणि काकूंच्या तोंडाची चव पार गेली. ताट समोर यायचं, त्या दोन घास चिवडायच्या आणि सरकवून द्यायच्या. वजन उतरत होतं. डायलिसिसच्या वेळी हाताला शीर सापडेना, इतक्या त्या वाळल्या. एका शुक्रवारी केंद्रातून परतताना टॅक्सीत त्या म्हणाल्या, "अहो, मला गरम काहीतरी प्यावंसं वाटतंय. सूप. पेलाभर नको, अर्धा कप. माझ्या पाण्यातून वजा करा."

काकांनी टॅक्सी दुकानाशी थांबवली. दुकानदार ओळखीचा होता. "कमी मिठाचं आहे का?" विचारल्यावर त्यानं मक्याच्या सुपाचं एक चंदेरी पाकीट त्यांच्या हातात दिलं. "हे घ्या. पुढं मोठ्ठं लिहिलंय, कमी सोडियम."

'कमी सोडियम' ऐकताच काकांना ताईंचं बोलणं आठवलं. ते विसरले नव्हते, हे इथं सांगायलाच हवं. घरी आल्यावर काकूंनी पाणी उकळत ठेवलं आणि काका पाकीट घेऊन खिडकीशी गेले. तक्त्याचा फोटो घेतला. "एका कपामागे सोडियम, मिलिग्रॅम, एकशे चाळीस." बरोबर. तक्ता मोठा होता, चौकटीत होता. मग पाकीट फिरवून घटकांच्या यादीचा फोटो. ती यादी पाकिटाच्या मागच्या चिकटवलेल्या घडीवर होती, चंदेरीवर करड्या शाईत, अर्धी घडीच्या आत वळलेली, आणि खिडकीचा उजेड नेमका त्यावर चमकत होता. यातलं काहीही काकांना दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता एक चंदेरी लखलखाट आणि त्याच्या मधोमध आपला डाग.

"घटक वाच."

"मक्याचं पीठ, साखर, सुकवलेला मका, मीठ, वनस्पती तेल, कांद्याची पावडर, दाटपणासाठी स्टार्च, मिरी," नवा वाचणारा अडखळल्याशिवाय म्हणाला.

"यात पोटॅशियम क्लोराईड आहे का?"

"नाही. या यादीत पोटॅशियम क्लोराईड नाही."

काका दोनदा वाचून घेणारे. "पुन्हा वाच," ते म्हणाले. त्यानं पुन्हा वाचलं, तीच यादी, त्याच क्रमानं. छापखान्यात दुसरं वाचन दुसऱ्या माणसाकडून व्हायचं. इथं त्याच माणसाला, त्याच फोटोवर, त्याचंच आधीचं उत्तर समोर ठेवून पुन्हा विचारलं होतं. तो वेगळं कशाला सांगेल? पण आत पाणी उकळत होतं आणि काकू कप घेऊन उभ्या होत्या.

"काय म्हणतोय तुमचा तो?" त्यांनी विचारलं.

"पास," काका म्हणाले.

सूप काकूंना मनापासून आवडलं. पहिला घोट घेतला आणि त्यांनी डोळेच मिटले. "खारट लागतंय हो," त्या नवलानं म्हणाल्या. "एकशे चाळीस मिलिग्रॅममध्ये इतकं खारट कसं?"

"तोंडाची सवय गेलीय तुझ्या. आता पाणीसुद्धा खारट लागेल."

चुकीची खूण खुद्द तिनंच दाखवली होती, नव्या वाचणाऱ्यापेक्षा किती तरी चांगल्या वाचणारीनं. तिचं ते वाक्य पुढं काकांचा पिच्छा सोडायचं नाव घेईना.

दहा दिवस सूप चाललं. आधी दुपारी अर्धा कप, मग दुपारी एक आणि संध्याकाळी एक. काकू इतर पाणी कमी करून सुपासाठी जागा ठेवायच्या. दोन घास जास्त जेवू लागल्या होत्या, त्यामुळं काकांचाही जीव भांड्यात पडला होता. शुक्रवार ते सोमवार हा दोन डायलिसिसमधला लांबचा टप्पा. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी काकू म्हणाल्या की पायात जोर नाही, जिना चढून आल्यासारखं वाटतंय. सोमवारी सकाळी त्यांना पलंगावरून पाय खाली घेता येईना.

"पाय कोणी तरी शिवून टाकलेत गादीला," त्या म्हणाल्या. अजूनही थट्टाच.

काकांनी शेजाऱ्यांना हाक मारली, टॅक्सी आली, दोघातिघांनी उचलून त्यांना आत बसवलं. वाटेत त्यांनी काकांचा हात धरून ठेवला होता आणि मध्येच काहीतरी पुटपुटल्या. काकांना वाटलं, पाणी मागतेय. केंद्रात पोचल्यावर धावपळ झाली, छातीला तारा लावल्या, इंजेक्शनं दिली, मशीनला जोडायची तयारी झाली. मशीन सुरू व्हायच्या आधी काकूंचं हृदय थांबलं. ते पुन्हा चालू करायचा डॉक्टरांनी पाऊण तास प्रयत्न केला. काका बाहेर बाकावर बसून आतले आवाज ऐकत होते. आवाज थांबले तेव्हा त्यांना कोणी सांगायला यायची गरज उरली नाही.

डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम फार वाढलं होतं. काही वेगळं खाल्लं होतं का?

"नाही हो," काका म्हणाले. "सगळं वाचून देत होतो मी."

हे ते अगदी मनापासून म्हणाले.

लेक आली. घरात चार दिवस माणसं येत-जात राहिली, मग ती थांबली. सहाव्या दिवशी काका स्वयंपाकघरात चहाची भांडी चाचपत असताना त्यांच्या हाताला ते चंदेरी पाकीट लागलं, वर चिमटा लावलेलं, तळाशी थोडी पावडर उरलेली. लेक बाहेर गेली होती. त्यांनी ते उचललं. मग त्यांना काकूंचं 'खारट लागतंय हो' आठवलं.

त्यांनी पावडर ओतून टाकली. कात्री घेतली आणि पाकिटाची चिकटवलेली कड हातानं अंदाज घेत कापत नेली. घडी उलगडली, फडक्यानं पुसली, टेबलावर सपाट पसरून चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. पडदा ओढून उजेड मऊ केला. आता ते प्रुफासारखं झालं होतं. फोन अगदी जवळ नेऊन, बोटाबोटाच्या अंतरानं त्यांनी चार फोटो घेतले. आणि त्याचं आधीचं उत्तर त्याच्यासमोर राहू नये म्हणून जुन्या बोलण्यात न विचारता नव्यानं सुरुवात केली.

"यादी शेवटाकडून वाच. जो शब्द नीट दिसत नाही तिथं दिसत नाही म्हण."

त्यानं शेवटाकडून वाचलं. मिरी. स्टार्च. कांद्याची पावडर. वनस्पती तेल. मीठ. साखर. पुढच्या शब्दाआधी तो थोडा थांबल्यासारखा वाटला, पण ते काकांच्या कानालाच वाटलं असेल. "पोटॅशियम क्लोराईड. सुकवलेला मका. मक्याचं पीठ."

पहिल्यापासून मोजलं तर तिसरं नाव. घटकांची यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे जाते, हे भिंगकाकांना कोणी सांगायची गरज नव्हती.

काकांनी जुना फोटो शोधायला लावला आणि तोही नव्यानं विचारला. तीच घडी, तोच लखलखाट. या वेळी त्यानं तिसरीच यादी सांगितली. तीत दुधाची पावडर होती. न दिसणाऱ्या जागी त्यानं तेव्हाही सुपात जे असावं ते भरलं होतं आणि आताही भरत होता. अर्थानं वाचत होता. या एका गुन्ह्यासाठी काकांनी छापखान्यातून पोरं हाकलून दिली होती, आणि इथं त्यांनी स्वतःच्या हातानं शिक्का मारला होता.

तरी त्यांना माणसाचा डोळा हवा होता. दुसऱ्या दिवशी काकूंची शाल आणि कागद आणायला म्हणून ते केंद्रात गेले आणि ते उलगडलेलं पाकीट ताईंच्या टेबलावर ठेवलं. ताईंनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. काकांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण श्वास ऐकू आला.

"तिसरं," ताई हळूच म्हणाल्या.

"तिसरं," काका म्हणाले.

"काका, अशा पेशंटचं पोटॅशियम हजार कारणांनी वाढतं. यानंच झालं असं कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही."

"यानं झालं नाही, असंही कोणी सांगू शकणार नाही."

ताईंनी विचारलं, "हे पाकीट ठेवू का मी? इथं येणारे पुष्कळजण फोनलाच विचारतात हल्ली. त्यांना दाखवायला."

"ठेवा," काका म्हणाले. "आणि त्यांना म्हणावं, कापून सपाट करा आधी. आणि एकदा तरी डोळे असलेल्या माणसाला दाखवा. मी शेजारी दार वाजवायला लाजलो. अडतीस वर्षं भिंग म्हणून मिरवलेला माणूस पाकीट वाचून द्या म्हणायला कसा जाणार?" ताईंनी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते सगळं संपवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता घरात पाणी मोजायचं नाही.

लेक निघायच्या दिवशी सकाळी बॅग दाराशी ठेवून बापाशेजारी येऊन बसली. टेबलावरचा फोन तिनं हातात घेतला. मागच्या कव्हरवरचा तिरका शिक्का तिला तेव्हाच दिसला असावा.

"हा कधी मारलात?"

"आम्ही परीक्षा घेतली त्याची. तुझी आई आणि मी."

ती त्या शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली. छापखान्यातल्या त्या टेबलाखाली बसून तिनं लहानपणी चित्रं काढली होती. आईचं वाचणं आणि बापाचं पास म्हणणं तिच्या कानात पक्कं होतं. बाबा पास म्हणाले की तिथं चूक नसते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिला ठाऊक होतं.

"बाबा, एक विचारू?" तिचा आवाज बारीक झाला होता. "मला त्या दिवसापासून झोप नाही. हा फोन मी आणला. हे वाचायला मी लावलं तुम्हाला. डॉक्टर म्हणाले पोटॅशियम वाढलं होतं, आणि माझ्या डोक्यातून जात नाही... ते बरोबर वाचायचं ना?"

काकांनी तिच्याकडे तोंड वळवलं. चेहऱ्याच्या जागी धूर होता, कडेला तिचे कान आणि विस्कटलेले केस, आईसारखेच. तिनं बजावलं होतं, जवळून घ्या म्हणाली होती, ठाम आवाजाला भुलू नका म्हणाली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण खरं ऐकल्यावर तिला यातलं एकही वाक्य आठवणार नव्हतं. तिला फक्त एवढंच आठवणार होतं की फोन तिनं आणला.

"बाबा?"

"पास," काका म्हणाले.

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. काका तिच्या पाठीवर थोपटत राहिले. सगळ्या आयुष्यात त्यांनी दिसत असलेल्या चुकीवर पास म्हणायची ही पहिलीच वेळ होती. समोर खिडकीकडची खुर्ची रिकामी होती, आणि 'चूक' म्हणून ताडकन सरळ बसणारं आता तिथं कोणी नव्हतं.